सोनेतारणाची पावती वाचताना

सोने तारण ठेवायला गेलेला माणूस काउंटरवर सहसा दोनच गोष्टी विचारतो: ग्रॅमला किती देणार आणि व्याज काय? उत्तर मिळते, सही होते, पैसे खात्यात जमा होतात. पावती घडी करून कपाटात जाते आणि दागिने सोडवायची वेळ आली की बाहेर निघते. तोवर भांडायची वेळ टळून गेलेली असते. वजनाच्या रकान्यात काय लिहिले, व्याज दिवसावर की महिन्यावर, मुदतीअखेर किती देणे होईल, हे सगळे पहिल्याच दिवशी त्या कागदावर असते. ते तिथल्या तिथे तपासता येते. त्यासाठी मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर आणि पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारणावरील कर्जासाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. व्यापारी बँका, नागरी व जिल्हा सहकारी बँका आणि सोनेतारणाचा धंदा करणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्या या सर्वांना ते लागू आहेत. संस्थेने हे नियम स्वीकारण्याआधी मंजूर केलेली कर्जे जुन्या नियमांनीच चालतात, म्हणून पावतीवरची तारीख आधी पाहावी. पुढचा हिशेब नव्या नियमांचा आणि घरखर्चासाठी घेतलेल्या कर्जाचा आहे. शेतीसाठी किंवा धंद्यासाठी सोने ठेवले तर कर्ज-मूल्य प्रमाणाची हीच मर्यादा लागू होत नाही.

समजा, कराडच्या एका बाईंनी मुलाच्या प्रवेशाच्या फीसाठी १० एप्रिल २०२६ रोजी एका नागरी बँकेत तीन दागिने ठेवले: दोन पाटल्या, एक मंगळसूत्र आणि सासूबाईंकडून आलेली जुनी बोरमाळ. हिशेब सोपा राहावा म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

तिन्ही दागिने काट्यावर ठेवले तर ५४.५० ग्रॅम भरतात. पाटल्या २४ ग्रॅम, मंगळसूत्र १८.५०, बोरमाळ १२. घरी बसून केलेला हिशेब इथेच चुकतो, कारण ५४.५० ग्रॅमचे ५,४५,००० रुपये होतात असे वाटते. बँक मात्र फक्त सोन्याची किंमत धरते. मंगळसूत्रातले काळे मणी आणि दोरा साडेतीन ग्रॅमचे, ते वजा होऊन १५ ग्रॅम राहिले. जुन्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. लाख आणि दोरा मिळून चार ग्रॅम धरले, तर राहिले आठ ग्रॅम. पाटल्या भरीव, त्यांत वजावट नाही. निव्वळ वजन झाले ४७ ग्रॅम.

या चार ग्रॅमच्या आकड्यावर थोडे थांबायला हवे. मणी फोडल्याशिवाय आतली लाख मोजता येत नाही, त्यामुळे ही वजावट मूल्यांकक आपल्या अनुभवाने ठरवतो. एखादा चार ग्रॅम धरेल, दुसरा पाच. एका ग्रॅमने कर्जात साधारण सात हजारांचा फरक पडतो, पण त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. पावतीवर निव्वळ वजन सात ग्रॅम लिहिले गेले, तर उद्या दागिना गहाळ झाला किंवा लिलावात गेला की सगळा हिशेब त्या सात ग्रॅमवरच होणार. म्हणून वजावट पटत नसेल तर सही करण्याआधीच बोलावे. लाखेचा दागिना ज्या सराफाकडून घडवला असेल, त्याची जुनी पावती सापडली तर सोबत न्यावी. ती नसेल तर आधी एखाद्या ओळखीच्या सराफाकडून अंदाज घ्यावा. परख होताना कर्जदाराने समोर हजर असले पाहिजे, असा नियम आहे. आतल्या खोलीत दागिने नेऊन वजनाचा आकडा बाहेर सांगणे त्यात बसत नाही.

वजनानंतर कस. पाटल्यांवर हॉलमार्क आहे, २२के९१६ असा ठसा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की नोंद दिसते, त्यामुळे पाटल्यांबद्दल वाद राहत नाही. मंगळसूत्रही २२ कॅरेटचे निघाले. बोरमाळ जुनी, तिच्यावर काहीच छाप नाही. कसोटीच्या दगडावर घासून आणि आम्ल लावून ती २० कॅरेटची ठरली. यंत्राने तपासली तरी एक मर्यादा राहते. सराफाकडचे एक्स-रे यंत्र वरवरच्या थराचा कस सांगते, मण्याच्या पोटात किंवा डाकाच्या जागी काय आहे ते त्याला नीट दिसत नाही.

२० कॅरेटचे आठ ग्रॅम २२ कॅरेटच्या दराने मोजता येत नाहीत. आठला वीसने गुणून बावीसने भागायचे. येतात ७.२७ ग्रॅम. पाटल्यांचे २४, मंगळसूत्राचे १५ आणि हे ७.२७ मिळून ४६.२७ ग्रॅम. १०,००० च्या दराने तारणाची किंमत ४,६२,७०० रुपये. घरच्या अंदाजापेक्षा ही किंमत ८२,३०० रुपयांनी कमी आहे, आणि तरीही बँकेने कुणाला फसवलेले नाही.

दर कोणता धरला, तेही पाहावे. गेल्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, या दोहोंत जो कमी असेल तो घ्यायचा, असे निर्देशांत आहे. हे भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन किंवा सेबीच्या देखरेखीखालचा वायदेबाजार प्रसिद्ध करतो. सोने चढत असले की तीस दिवसांची सरासरी आजच्या भावाच्या मागे राहते, म्हणून पावतीवरचा दर पेठेतल्या पाटीपेक्षा कमी दिसतो. दुकानातल्या बिलात घडणावळ आणि जीएसटीही असतात, ते इथे धरले जात नाहीत. पण पावतीवरचा दर या दोन्ही भावांपेक्षा बराच खाली असेल, तर तो कोणत्या दिवसाचा आणि कोणाचा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता प्रमाण. तारणाच्या किमतीच्या किती टक्के कर्ज देता येईल, याला बँकेच्या भाषेत एलटीव्ही म्हणतात. एका कर्जदाराचे एकूण कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर ८५ टक्के, अडीच लाखांच्या वर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पाच लाखांच्या वर ७५ टक्के, अशी कमाल मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे हक्क नव्हे. बँक याहून कमी देऊ शकते, जास्त देऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात ८० टक्क्यांची पायरी लागते. ४,६२,७०० चे ८० टक्के म्हणजे ३,७०,१६० रुपये.

मग बाईंना ३,७०,००० मिळाले का? नाही, ३,३०,००० मिळाले. इथे पुष्कळांना वाटते की बँकेने हात आखडता घेतला. कारण वेगळे आहे. हे कर्ज बारा महिन्यांचे, मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम फेडायचे, ज्याला काउंटरवर ‘बुलेट’ म्हणतात. अशा कर्जात प्रमाण आज हातात दिलेल्या रकमेवर मोजायचे नसते. मुदतीअखेर जेवढे देणे होणार, त्या पूर्ण रकमेवर मोजायचे असते. दर १२ टक्के. ३,३०,००० वर वर्षाचे व्याज ३९,६००, म्हणजे अखेरची रक्कम ३,६९,६००. ती ४,६२,७०० च्या ७९.८८ टक्के होते. मर्यादेत, पण जेमतेम. हेच कर्ज दरमहा व्याज भरण्याच्या किंवा हप्त्यांच्या योजनेत घेतले असते, तर त्याच दागिन्यांवर ३,७०,००० पर्यंत मिळू शकले असते. दरमहा साडेतीन-पावणेचार हजार भरायची ऐपत असेल, तर हा फरक माहीत असणे कामाचे आहे.

पावतीवर एलटीव्हीचा रकाना असतो आणि त्यात एक टक्केवारी छापलेली असते. ती कशी काढली, ते पाहावे. ३,३०,००० ला ४,६२,७०० ने भागले तर ७१.३ टक्के येतात. तोच आकडा छापला असेल, तर तो आजच्या रकमेवरचा आहे. बुलेट कर्जात नियमाला लागणारा आकडा ७९.८८ आहे.

व्याजाच्या रकान्याकडे वळण्याआधी दर कशाचा ते पाहावे. आपल्याकडे सावकारी बोलीत ‘शेकडा एक रुपया’ म्हणजे महिन्याला शंभराला एक, वर्षाला बारा टक्के. ‘शेकडा दीड’ म्हणजे अठरा. काउंटरवर कुणी ‘फक्त दीड टक्का’ म्हणाले, तर महिन्याचा की वर्षाचा हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पावतीवर वार्षिक दर लिहिलेला असला पाहिजे.

बारा टक्के वार्षिक दराने ३,३०,००० वर एका दिवसाचे व्याज किती? ३,३०,००० ला १२ ने गुणायचे, १०० ने भागायचे, मग ३६५ ने भागायचे. १०८.४९ रुपये. हा आकडा पावतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावा. ज्या दिवशी सोडवायला जाल, त्या दिवशी तो तुम्हाला लागणार आहे.

बारा टक्क्यांचे दोन अर्थ होऊ शकतात. सरळ व्याज असेल तर वर्षअखेर ३९,६००. पण दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुढचे व्याज लावले, म्हणजे मासिक चक्रवाढ धरली, तर ४१,८५२ होतात. २,२५२ रुपये जास्त. नुसता दर वाचून हे कळत नाही, अखेरची रक्कम वाचून कळते. आणि इथेच पावतीवरचे आकडे एकमेकांची साक्ष देऊ लागतात. चक्रवाढ धरली तर अखेरची रक्कम ३,७१,८५२ होते. ती तारणाच्या ८०.३७ टक्के आहे, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. ज्या बँकेने ३,३०,००० मंजूर करताना सरळ व्याज धरून प्रमाण मर्यादेत बसवले, तिला सोडवताना चक्रवाढीने मागता येणार नाही. मागितले, तर तिने मुळात नियमापेक्षा जास्त कर्ज दिले असा त्याचा अर्थ होतो. चक्रवाढच लावायची होती तर कर्ज ३,२८,४०० च्या आसपास थांबायला हवे होते. व्याजाची पद्धत कळत नसेल तेव्हा एलटीव्हीचा रकाना आणि अखेरच्या रकमेचा रकाना शेजारी ठेवून भागाकार करावा. दोन्ही एकाच हिशेबातून आले आहेत की नाही, ते लगेच उघडे पडते.

याहून जास्त पैसे खाणारी गोष्ट पायऱ्यांच्या दराची आहे. काही वित्त कंपन्यांच्या योजनांत ‘दरमहा व्याज भरल्यास १२ टक्के, अन्यथा १८’ असे लिहिलेले असते, कधी तिसरी पायरी २४ ची असते. जाहिरातीत दिसतो तो पहिला आकडा. करारात मूळ दर वरचा असतो आणि वेळेवर भरणाऱ्याला सवलत, अशी मांडणी असते. सवलत हुकली की वरचा दर पुढच्या दिवसांपासून लागतो की पहिल्या दिवसापासून, हे शब्दांत शोधावे लागते. आपल्या कर्जाला सात महिने आणि एक आठवडा, म्हणजे २२१ दिवस, १८ टक्क्यांचा दर लावला तर व्याज ३५,९६५ होते. १२ टक्क्यांनी तेच २३,९७७. बारा हजारांचा फरक. उशिराबद्दल दंड घेताना तो व्याजदरात भर घालून घ्यायचा नाही, वेगळा आकार म्हणून घ्यायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून १२ चे १८ कशामुळे झाले, ते लेखी मागावे. दोन योजनांची तुलना करताना माझा सल्ला असा की, वरचा दर हाच खरा दर समजून चालावे. सात-आठ महिने एकही तारीख न चुकवता व्याज भरणे ज्याला जमते, तो मुळात सोने ठेवायला क्वचितच येतो.

हातात येणारी रक्कम आणि कर्जाची रक्कम सारखी नसते, हेही पहिल्याच दिवशी दिसते. प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का धरले तर १,६५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २९७, एकूण १,९४७. खात्यात आले ३,२८,०५३, व्याज मात्र ३,३०,००० वरच चालणार. हे धरून खरा वार्षिक खर्च १२.६६ टक्के पडतो. हा आकडा तुम्हाला काढायची गरज नाही. कर्जासोबत मुख्य बाबींचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. काउंटरवर त्याला केएफएस म्हणतात. वार्षिक एकूण खर्चाची टक्केवारी त्यात छापलेली असते, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवे. त्याचा खरा उपयोग मात्र शेवटी होतो. जे शुल्क त्या पत्रकात नाही, ते पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. सोडवताना ‘तिजोरी आकार’ किंवा ‘नोटीस खर्च’ असे काही पुढे आले, तर वाद घालण्याऐवजी पत्रकातली ओळ दाखवायला सांगावी.

दिवाळी उरकली, घरात पैसे आले, आणि बाई १७ नोव्हेंबरला दागिने सोडवायला गेल्या. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहून आकडा सांगितला.

“ताई, तीन लाख छप्पन हजार चारशे.”

“व्याज किती धरलंत?”

“आठ महिन्यांचं. सव्वीस हजार चारशे.”

“दादा, दहा एप्रिलला पैसे मिळाले. आज सतरा नोव्हेंबर. आठवा महिना संपलेला नाही.”

“सिस्टीम महिना पूर्णच धरते, ताई.”

हा संवाद काल्पनिक आहे, पण तक्रार खरी आहे. संस्था महिन्याच्या मध्येच कर्ज दिले किंवा फिटले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घेतात, हे रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळले होते. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने हा प्रकार अन्यायकारक म्हटला आणि जास्तीचे पैसे परत करायला लावले. व्याज कर्ज थकीत असलेल्या दिवसांचेच घ्यायचे. तेही मंजुरीच्या तारखेपासून किंवा करारावर सही झाली त्या दिवसापासून नव्हे, पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून. चेक दिला असेल तर चेक हातात आल्यापासून.

दिवस मोजताना बोटांवर महिने मोजू नयेत. १० ते ३० एप्रिल २० दिवस, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१ आणि नोव्हेंबरचे १७. बेरीज २२१. पैसे घेतल्याचा दिवस आणि फेडल्याचा दिवस, यांतला एकच धरला जातो. काउंटरवरच्या हिशेबात एक दिवस जास्त दिसला तर दोन्ही टोके मोजली गेली असे समजावे. १०८.४९३ गुणिले २२१ म्हणजे २३,९७७ रुपये. सोडवण्याची रक्कम ३,५३,९७७. काउंटरवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा २,४२३ रुपये कमी. काही करारांत किमान अमुक दिवसांचे व्याज द्यावेच लागेल अशी अट असते, पण सात महिन्यांनी सोडवणाऱ्याला तिचा काही संबंध उरत नाही.

मध्ये काही रक्कम भरली असेल तर हिशेब दोन तुकड्यांत करावा. समजा १ ऑगस्टला ६०,००० भरले. तोवर ११३ दिवस झाले, व्याज १२,२६०. भरलेल्या रकमेतून आधी व्याज वळते होते, म्हणून मुद्दलातून ४७,७४० गेले आणि उरले २,८२,२६०. आता एका दिवसाचे व्याज ९२.८० रुपये. पुढच्या १०८ दिवसांचे १०,०२२. सोडवण्याची रक्कम २,९२,२८२. हिशेब जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच निघते: मध्ये भरलेली रक्कम त्या तारखेला खात्यात धरलेलीच नसते, किंवा ती धरूनही व्याज जुन्या मुद्दलावरच चालू राहिलेले असते. म्हणून अधूनमधून भरलेल्या प्रत्येक रकमेची वेगळी पावती मूळ पावतीला टाचून ठेवावी आणि सोडवण्याच्या दिवशी खात्याचा उतारा मागावा. उताऱ्यावर तारीख, जमा, व्याज आणि शिल्लक असे चार रकाने असले की चूक कोणत्या ओळीत आहे ते सांगता येते.

मुदत भरली आणि पैसे नाहीत, तेव्हा ‘रिन्यू करून टाकू’ असे सुचवले जाते. जुन्या पद्धतीत ३९,६०० चे व्याज मुद्दलात मिसळून ३,६९,६०० चे नवे कर्ज बनत असे. पुढच्या वर्षीचे व्याज मग ४४,३५२, आणि कर्जदाराच्या हाती नवा एक रुपयाही नाही. आता बुलेट कर्जाचे नूतनीकरण साठलेले व्याज भरल्यानंतरच करता येते. नव्या पावतीवरचे मुद्दल जुन्यापेक्षा वाढलेले दिसले, तर वाढलेली रक्कम खरोखर खात्यात आली की नाही हे पासबुकात पाहावे.

मुदतीत सोन्याचा भाव उतरला तरी कर्ज-मूल्य प्रमाण मर्यादेत राखायची जबाबदारी बँकेवर असते, त्यामुळे थोडी रक्कम भरा असा निरोप येऊ शकतो. असा निरोप आल्यावर नवा दर आणि नवी किंमत लेखी मागावी आणि वरचाच गुणाकार ४६.२७ ग्रॅम धरून पुन्हा करावा. वजन आणि कस तोच राहतो, बदलतो तो फक्त दर. नव्या हिशेबात वजनही घटलेले दिसले, तर मूळ प्रमाणपत्र पुढे करावे.

पैसे पूर्ण भरल्यावर दागिने त्याच दिवशी, उशिरात उशीर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे. परत घेताना ते तारणाच्या वेळच्या परख प्रमाणपत्राशी ताडून पाहायचे असतात. त्यावर दागिन्याचा फोटो, नग, एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन आणि कॅरेट असते, आणि आधीपासून तुटफूट असेल तर तीही नोंदवलेली असते. पाकीट फोडण्याआधी सील शाबूत आहे का ते पाहावे. मग प्रत्येक दागिना काट्यावर ठेवायला लावावा. बोरमाळ इथे विशेष काळजीने पाहावी, कारण लाखेचे मणी दाबले गेले की चेपतात आणि जुना रेशमी दोरा तुटून एखादा मणी निखळलेला असू शकतो. बँकेच्या ताब्यात असताना नुकसान झाले असेल, तर दुरुस्तीचा खर्च बँकेने करायचा आहे. मात्र हे काउंटर सोडण्याआधी लिहून घ्यावे लागते. ‘दागिने सुस्थितीत मिळाले’ या ओळीखाली सही झाली, की नंतर सिद्ध करणे अवघड.

महाराष्ट्रात गावोगाव सोनेतारण करणाऱ्या पतसंस्था या निर्देशांच्या कक्षेत येत नाहीत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालतात. ८५, ८० आणि ७५ टक्क्यांच्या पायऱ्या किंवा रोजच्या ५,००० रुपयांची भरपाई तिथे रिझर्व्ह बँकेच्या नावाने मागता येणार नाही. निव्वळ वजन, कस, रोजचे व्याज आणि दिवसांची मोजणी मात्र तिथेही अशीच करायची. फक्त नियम संस्थेच्या पोटनियमांत आणि करारात शोधायचे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. सोने ठेवण्याआधी पाटीवर ‘बँक’ लिहिले आहे की ‘पतसंस्था’, हे वाचणे म्हणूनच गरजेचे.

बँक किंवा वित्त कंपनीच्या बाबतीत हिशेब पटला नाही, तर आधी शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. तक्रारीत भावना कमी आणि आकडे जास्त असावेत: पैसे मिळाल्याची तारीख, मुद्दल, वार्षिक दर, दिवस, तुमच्या हिशेबाने होणारे व्याज, प्रत्यक्ष घेतलेले व्याज आणि दोहोंतला फरक. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. दागिने अडकवून ठेवायचे नसतील तर मागितलेली रक्कम भरून सोडवून घ्यावेत, पण पावतीवर ‘व्याजाच्या हिशेबाबाबत हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून त्याखाली सही करावी आणि त्याचा फोटो काढून ठेवावा.